पऱ्हाटीच्या पानात: एका संदेशवाहक आरएनएचा मागोवा

मुंबई-हावडा लोहमार्गावर धामणगाव मागे पडले, वर्धा नदीचा पूल ओलांडला, की पुलगाव येते, आणि पुलगावला अगदी खेटून नाचणगाव. देवळी तालुक्यातल्या या पट्ट्यात जमीन काळी, पिके तीन-चार: कापूस, सोयाबीन, तूर, कुठे ओलिताचा गहू. प्रवासवर्णनात लिहावे असे डोंगर-दऱ्यांचे देखावे इथे नाहीत. तरी मला ज्या प्रवासाबद्दल लिहायचे आहे तो इथूनच सुरू होतो, आणि त्याची सगळी लांबी पऱ्हाटीच्या एका पानातल्या एका पेशीत मावते. प्रवासी आहे एक संदेशवाहक आरएनए. केंद्रकात त्याची नक्कल उतरते, तो बाहेर पडतो, प्रथिन घडवून घेतो आणि नष्ट होतो. अकरावी-बारावीच्या पुस्तकात या वाटेवरच्या पहिल्या दोन मुक्कामांना पानेच्या पाने मिळतात. शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे आरएनएच्या मरणाला, बहुधा एखादे वाक्य मिळते. माझे म्हणणे असे, की हे माप चुकले आहे. संदेश काय सांगतो हे त्याच्या मजकुरावर ठरते, पण किती सांगतो हे तो किती वेळ जगतो त्यावर ठरते. हे दाखवायला नाचणगावच्या शिवारातल्या कापसाइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे सापडत नाही, कारण या पिकात एक संदेश मुद्दाम दीर्घायुषी करून घातलेला आहे.

भारतात बीटी कापसाला मंजुरी मिळाली ती मार्च २००२ मध्ये. जालन्याच्या महिको कंपनीचे मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ हे पहिले तीन संकरित वाण. त्यांतले परके जनुक मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे: क्राय१एसी. त्यापासून घडणारे प्रथिन बोंडअळीच्या पोटात गेले की आतड्याच्या आवरणातल्या ठराविक प्रथिनांना चिकटते, तिथे भोके पाडते आणि अळी मरते. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ मध्ये क्राय२एबी हे दुसरे जनुक जोडले गेले, पण पहिले तसेच राहिले. हे प्रथिन ११७८ अमिनो आम्लांचे. म्हणजे आपल्या प्रवाशाच्या अंगावरचा वाचनीय मजकूर, थांबण्याच्या संकेतासह, ११७९ गुणिले ३, अर्थात ३५३७ अक्षरांचा. हा आकडा लक्षात राहू द्यावा, पुढचे सगळे हिशेब त्याच्याभोवती फिरतात.

प्रवासाची सुरुवात केंद्रकात. जनुकाच्या पुढच्या बाजूला जो प्रवर्तक बसवला आहे तो ना जिवाणूचा ना कापसाचा. फुलकोबीवर रोग आणणाऱ्या एका विषाणूचा आहे. त्याला ३५एस म्हणतात, आणि इथे त्याचा जोर वाढवणारा भाग दुहेरी करून वापरला आहे. कापसाच्या पेशीचे आरएनए पॉलिमरेज-२ हे विकर त्यावर येऊन बसते, डीएनएचा गोफ थोडा उकलते आणि एका धाग्यावरून अक्षरामागून अक्षर जोडत नक्कल उतरवते. दृश्यकेंद्रकी पेशींत या विकराचा वेग ढोबळ मानाने मिनिटाला एक ते चार हजार अक्षरे मोजला गेला आहे. तेव्हा साडेतीन हजारांच्या या मजकुराला मिनिट ते साडेतीन-चार मिनिटे लागावीत. पण नक्कल पूर्ण होण्याची वाट कुणी पाहत नाही. वीस-तीस अक्षरे बाहेर आली न आली तोच तिच्या पुढच्या टोकावर मिथिल गट लावलेल्या ग्वानोसिनची टोपी उलट दिशेने जोडली जाते. कापसाच्या स्वतःच्या बहुतेक जनुकांत यानंतर मधले निरर्थक तुकडे कापून उरलेले सांधण्याचे काम असते. आपल्या जनुकाला ते लागत नाही, कारण जिवाणूच्या जनुकात असे तुकडे नसतातच. इथपर्यंत सगळे सुरळीत.

खरा धोका नकलेच्या दुसऱ्या टोकाशी, आणि तो इतका महत्त्वाचा आहे की इथे जरा थांबायला हवे. नक्कल कुठे तोडायची हे विकर स्वतः ठरवत नाही. आरएनएमध्येच एक खूण यावी लागते: सहा अक्षरांची, एएयूएएए सारखी. ती दिसली की त्यापुढे थोड्या अंतरावर धागा तोडला जातो आणि तुटल्या टोकाला एकामागून एक ॲडेनिनची शेपटी जोडली जाते. आपल्या जनुकाच्या शेवटी सोयाबीनच्या एका बीजप्रथिनाच्या जनुकातला भाग यासाठीच जोडलेला आहे. पण वनस्पतींमध्ये ही खूण काटेकोर नसते. प्राण्यांच्या पेशी जिथे नेमकी सहा अक्षरे मागतात तिथे वनस्पतींच्या पेशी तिच्या जवळपासच्या रूपांवरही भागवतात. एरवी या सैलपणाने काही बिघडत नाही, पण मजकुराच्या मधोमधच जर ॲडेनिन आणि युरॅसिल यांची रेलचेल असेल तर भलत्याच जागी खूण दिसू शकते. आणि या जिवाणूच्या मूळ जनुकात तशी रेलचेल आहे. त्यातल्या ग्वानिन-सायटोसिनचे प्रमाण जेमतेम ३७ टक्के. जिवाणूच्या स्वतःच्या पेशीत याने काही अडत नाही. तिथे शेपटी जोडणारी ही यंत्रणाच नाही आणि नक्कल उतरत असतानाच तिचे वाचनही चालू होते. त्याच अक्षरांना वनस्पतीच्या केंद्रकात मात्र वेगळाच अर्थ येतो. मूळ क्राय१एसी वनस्पतीत घातले असता मजकुराच्या आतच, एकाहून अधिक जागी, नक्कल अवेळी तुटून तिला शेपटी लागते हे १९९८ मध्ये प्रत्यक्ष दाखवले गेले.

सुखरूप तुटलेला, टोपी आणि शेपटी लाभलेला प्रवासी केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. छिद्राशी त्याची झडती होते म्हटले तरी चालेल, कारण टोपीवर आणि शेपटीवर योग्य प्रथिने बसलेली नसतील तर तो आतच अडतो आणि तिथेच कुरतडला जातो. बाहेर पेशीद्रवात टोपीला एक प्रथिनसंच धरतो, शेपटीला दुसरे प्रथिन, आणि दोघे एकमेकांना पकडून धाग्याचे कडे करतात. रायबोसोमचा लहान भाग टोपीशी चढतो, सरकत सरकत पहिल्या एयूजीपाशी येतो, मोठा भाग येऊन बसतो आणि वाचन सुरू होते. दृश्यकेंद्रकी पेशीत सेकंदाला साधारण पाच अमिनो आम्ले जोडली जातात असे धरले, तर ११७८ आम्लांना एका रायबोसोमला जवळपास चार मिनिटे लागतील. पण एक रायबोसोम निघाला की त्याच्या मागे दुसरा चढतो. दर दीडशे अक्षरांमागे एक असे अंतर धरले तर ३५३७ अक्षरांवर एकाच वेळी तेवीस-चोवीस रायबोसोम चालत असतील. चार मिनिटांत चोवीस, म्हणजे दर दहा सेकंदांना एक प्रथिन पुरे. एक तास जगलेला आरएनए या गतीने ३६० प्रथिने देईल, सात तास जगलेला अडीच हजारांवर. वेग आणि अंतर मी गृहीत धरले आहेत, प्रत्यक्षात ते कमी-जास्त होतील. पण या हिशेबात आयुष्य हा आकडा गुणाकारात येतो, हे कोणताही वेग धरला तरी बदलत नाही.

आता मरणाकडे. ते अचानक येत नाही, त्याचा एक ठरलेला क्रम आहे. आधी शेपटी झिजते. सीसीआर४-नॉट नावाचा विकरसंच तिच्या टोकाची ॲडेनिने एकेक करून कापत जातो. शेपटी फार आखूड झाली की तिला धरणारे प्रथिन निसटते, कडे सुटते आणि टोपी उघडी पडते. मग डीसीपी२ हे विकर टोपी उडवते. टोपी गेलेल्या टोकाकडून एक्सआरएन४ हे विकर धागा अक्षर-अक्षर चावत पुढे जाते. यीस्टमध्ये आणि प्राण्यांत हेच काम एक्सआरएन१ करते. उलट्या टोकाकडून एक्सोसोम नावाचे नळीसारखे प्रथिनयंत्र तसेच चावत येते. सुटी झालेली न्युक्लिओटाइडे पुन्हा नव्या नकलेत वापरली जातात. याखेरीज दोन आडवाटा आहेत. मजकुरात अवेळी थांबण्याचा संकेत आला तर यूपीएफ१ आणि त्याची साथीदार प्रथिने त्या आरएनएला हेरून नष्ट करवतात. आणि मजकूर मध्येच तुटून थांबण्याचा संकेतच हरवला असेल, तर रायबोसोम वाचत वाचत शेपटीत घुसतो, एएए म्हणजे लायसिन असे समजून लायसिनची माळ जोडू लागतो आणि अडकतो. अशा अडकलेल्या रायबोसोमखालचा आरएनए तोडून टाकायला वनस्पतींत वेगळी व्यवस्था आहे. अवेळी शेपटी लागलेल्या नकलेचे भवितव्य यावरून ताडता येते: ती जगली तरी पुरे प्रथिन देणार नाही, आणि पेशी तिला फार जगूही देणार नाही.

पेशीत एखाद्या आरएनएच्या नकला किती, हा प्रश्न नळ आणि मोरीच्या गणितासारखा आहे. नळाने किती येते आणि मोरीतून किती जाते, यावर पाण्याची पातळी ठरते. फरक एवढाच, की इथे मोरीतून जाणारे पाणी पातळीच्या प्रमाणात वाढते, म्हणून पातळी आपोआप एका जागी स्थिरावते. समजा एका पेशीत क्राय१एसीच्या तासाला १० नकला तयार होतात आणि त्यांचे अर्धायुष्य ७ तास आहे. सरासरी आयुष्य अर्धायुष्याला ०.६९३ ने भागून मिळते, म्हणजे सुमारे १० तास. तेव्हा पातळी १०० नकलांच्या आसपास स्थिरावेल. आता नळाला हात न लावता अर्धायुष्य ४२ मिनिटे करा. सरासरी आयुष्य एका तासावर येईल आणि पातळी १० नकलांवर. जनुक तेच, प्रवर्तक तोच, नक्कल उतरण्याचा वेग तोच, आणि प्रथिन दहापट कमी. परीक्षेत जनुक-अभिव्यक्तीच्या प्रश्नाला बहुतेक उत्तरपत्रिका प्रवर्तकापासून सुरू होतात आणि प्रवर्तकापाशीच संपतात. या हिशेबापुढे तसले उत्तर अर्धेच ठरते.

हिशेब कागदावर जमतो, म्हणून शेतात तसेच घडते असे नाही. तेव्हा पुराव्याकडे वळतो. १९८० च्या दशकात हे जनुक पहिल्यांदा तंबाखू आणि टोमॅटोत घातले गेले तेव्हा प्रथिन नगण्य निघाले. जोरकस प्रवर्तक लावूनही फरक पडेना. मोन्सॅन्टोच्या शास्त्रज्ञांनी मग मजकुराचा अर्थ न बदलता अक्षरे बदलायला घेतली. जनुकीय संकेतात एकाच अमिनो आम्लाला अनेक शब्द असतात, त्याचा हा उपयोग. नमुन्यादाखल दोन जोड्या पाहा, डावीकडे जिवाणूच्या वळणाची आणि उजवीकडे सुधारलेली:

```
ATT TAT  ->  ATC TAC   (Ile-Tyr)
AAT AAA  ->  AAC AAG   (Asn-Lys)
```

पहिल्या जोडीत डावीकडे सलग वाचले तर एटीटीटीए ही पाच अक्षरे येतात. आरएनएत ती एयूयूयूए होतात, आणि अल्पायुषी आरएनएत आढळणारी खूण म्हणून ती ओळखीची आहे. दुसऱ्या जोडीत तर शेपटी जोडण्याची सहा अक्षरी खूणच तयार होते. उजवीकडे दोन्ही नाहीशा झाल्या आणि प्रथिनाचा एक कणही बदलला नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात क्राय१एबी या जवळच्या जनुकाची अवघी ३ टक्के अक्षरे बदलली तेव्हा प्रथिन सुमारे १० पट वाढले. २१ टक्के अक्षरे बदलून ग्वानिन-सायटोसिनचे प्रमाण ४९ टक्क्यांवर नेले तेव्हा ते १०० पटींपर्यंत गेले. आज नाचणगावच्या पऱ्हाटीत आहे ते असेच पुन्हा लिहिलेले जनुक आहे. जिवाणूत ते या लिपीत कधीच नव्हते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. अक्षरे बदलली की केवळ आयुष्य बदलत नाही, वाचनाचा वेगही बदलतो. वनस्पतीला सवयीचे नसलेले शब्द वाचायला योग्य वाहक आरएनए कमी असतात आणि रायबोसोम रेंगाळतो. मग शंभर पटींतला किती वाटा दीर्घायुष्याचा आणि किती सुलभ वाचनाचा? या प्रयोगावरून ते वेगळे काढता येत नाही, हे मान्यच करावे लागते. ते काम करणाऱ्यांनीही दोन्ही अडथळे हटवण्याचाच हेतू धरला होता, आणि वाचनाचा वाटा मोठा असावा असे मानायला जागा आहे. त्यामुळे या शंभर पटींवर माझा दावा उभा करता येणार नाही.

तो उभा राहतो १९९८ च्या दुसऱ्या एका प्रयोगावर. मिशिगन स्टेट विद्यापीठात पामेला ग्रीन यांच्या गटाने क्राय१एसीची दोन रूपे घेतली: एक मूळ, ॲडेनिन-युरॅसिलने भरलेले, दुसरे पुन्हा लिहिलेले. दोघांच्या पुढचा आणि मागचा भाग हुबेहूब एकच ठेवला. मग प्रश्न दोन भागांत तोडला. पहिला भाग: नक्कल उतरवण्याचा वेग. पेशींतली केंद्रके वेगळी काढून त्यांना खूण केलेली न्युक्लिओटाइडे दिली की जी विकरे आधीच जनुकावर चढलेली असतात ती आपले काम पुढे चालवतात आणि नव्या अक्षरांवर खूण उमटते. त्यावरून जनुकावर किती विकरे धावत होती ते कळते. दोन्ही जनुकांवर ती सारखीच निघाली. दुसरा भाग: आयुष्य. मूळ रूपाचा आरएनए पुन्हा लिहिलेल्यापेक्षा स्पष्टपणे लवकर नष्ट होत असल्याचे मोजमापात दिसले. नळ सारखा, मोरी वेगळी. इथे वाचनाच्या वेगाची पळवाट राहत नाही, कारण मोजला गेला तो खुद्द आरएनए, त्यातून झालेले प्रथिन नव्हे. याच कामात आणखी एक गोष्ट निघाली, जी मला जास्त बोलकी वाटते. मरणाच्या खुणा मजकुरात एकाहून अधिक ठिकाणी होत्या, आणि त्यांतल्या काही अराबिडोप्सिसची पेशी ओळखत होती पण तंबाखूची नाही. खूण आरएनएवर असते, पण तिला मरणाची खूण करते ती वाचणारी पेशी.

दुसरा आक्षेप असा येईल, की हे सगळे उपऱ्या जनुकाचे हाल आहेत. जिवाणूचा मजकूर वनस्पतीत कोंबला तर त्याचे वाईट होणारच, यावरून सर्वसाधारण नियम कसा काढावा? पण ज्या विकरांनी हा उपरा आरएनए मारला ती कापसात किंवा तंबाखूत त्याच्यासाठी मुद्दाम बसवलेली नव्हती. ती तिथे होती कारण वनस्पतीला स्वतःचे संदेशही वेळेवर संपवायचे असतात. ऑक्झिन या वाढीच्या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी सॉर नावाची जनुके घ्या. त्यांचे आरएनए काही मिनिटांतच निम्मे होतात, आणि त्यांच्या शेपटीकडच्या भागात त्यासाठीचा खास तुकडा आहे. संप्रेरक ओसरले की वाढ थांबली पाहिजे. संदेश सात तास रेंगाळला तर वाढही तेवढा वेळ थांबणार नाही. अर्धायुष्य जेवढे लांब तेवढी पातळी जास्त, पण बदलायला लागणारा वेळही तेवढाच जास्त. मोठ्या टाकीचा नळ बंद केला तरी मोरीशी पाणी वाहतच राहते, तसे. म्हणून सगळेच आरएनए दीर्घायुषी करणे पेशीला परवडत नाही.

आता पुन्हा शिवारात. पाऊस वेळेवर आला आणि जूनच्या २५ तारखेला सरकी टोबली, तर ऑक्टोबरच्या मध्याला पऱ्हाटी ११० दिवसांची होते, पात्या-फुलांबरोबर बोंडे भरत असतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २००५ मध्ये करंट सायन्समध्ये प्रसिद्ध केलेले मोजमाप नेमके याच काळाबद्दल आहे. क्राय१एसी प्रथिन पानांत सर्वांत जास्त, पात्या-बोंडांत आणि फुलांत कमी. बोंडाची साल, पातीतली कळी आणि फुलातला अंडाशय यांत तर अपुरेच. पीक जसे जून होते तसे ते सगळ्याच वाणांत घटते, आणि ग्रॅममागे सुमारे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेले की हिरव्या बोंडअळ्या जगू लागतात. म्हणजे जिथे अळी खाते तिथे प्रथिन थोडे, आणि जेव्हा बोंडे लागतात तेव्हा आणखी थोडे. माझ्या युक्तिवादाला हे आयते खाद्य वाटेल: उतारवयात आरएनए लवकर मरत असेल, झाले. पण इथेच सांभाळून बोलले पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या बीटी कापसात हंगामाच्या शेवटी केवळ प्रथिन नव्हे, क्राय१एसीच्या आरएनएची पातळीही घटलेली आढळली. पातळी मात्र नळ आणि मोरी दोघांनी मिळून ठरते. ती घटली एवढ्यावरून मोरी मोठी झाली की नळ बारीक झाला हे कळत नाही. चीनमधल्या एका अभ्यासात ३५एस प्रवर्तकावर मिथिल गट वाढल्याचे, म्हणजे नळच आवळला गेल्याचे, दिसले. त्या निरीक्षणापुरता माझा दावा मागे घ्यावा लागतो. मरणाला मान द्या म्हणजे प्रत्येक घट मरणाच्या खात्यात टाका, असे नाही.

राहता राहिला शेतकऱ्याचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार. नाचणगावच्या शेतात २०१७ नंतर जी डोमकळी दिसते आणि बोंड फोडल्यावर सरकीत जी गुलाबी अळी सापडते, तिचा पानातल्या आरएनएच्या आयुष्याशी संबंध काय? अळीच आता विषाला दाद देत नाही. हे खरे आहे. गुलाबी बोंडअळीने क्राय१एसीला दाद देणे सोडल्याचे गुजरातमध्ये २००९ च्या सुमारास आढळले आणि पुढे बोलगार्ड-२ चीही तीच गत झाली. पण दाद देणे सोडले कसे, हे पाहिले तर वाट पुन्हा आरएनएवरच येते, या वेळी अळीच्या. विष ज्यांना चिकटते त्यांपैकी कॅडहेरिन हे आतड्यातले एक महत्त्वाचे प्रथिन. भारतातल्या शेतांतून गोळा केलेल्या प्रतिकारक्षम गुलाबी अळ्यांत त्याच्या जनुकाची ८ बिघडलेली रूपे सापडली, आणि त्या आठांपासून आरएनएची १९ वेगवेगळी रूपे तयार होत होती. हा अभ्यास २०१४ चा. आठाचे एकोणीस होतात ते कापून सांधण्याच्या पायरीवर, जी आपल्या कापसातल्या प्रवाशाला लागलीच नव्हती. एकाच जनुकातून तुकडे कधी असे सांधले गेले, कधी तसे, आणि त्यांतून होणारे प्रथिन विषाला धरायच्या कामाचे राहिले नाही. तेव्हा शेतकरी म्हणतो ते बरोबर आहे: पानातला आरएनए कितीही जगला तरी या अळीपुढे त्याचा उपयोग मर्यादित. त्यातही भारतातले वाण संकरित असल्याने क्राय१एसी त्यांच्यात एकाच बाजूच्या पालकाकडून येते, आणि बोंडातल्या दर चार सरक्यांमागे सरासरी एका सरकीत ते जनुक मुळातच नसते. गुलाबी अळी खाते ती सरकीच.

उजळणी करणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या वेळी डीएनए, आरएनए, प्रथिन अशी बाणांची आकृती काढाल तेव्हा आरएनएकडून खाली जाणारा एक बाण जरूर काढा, आणि त्याच्याशेजारी अर्धायुष्य लिहा. आणि प्रश्नात केवळ आरएनएची पातळी घटल्याचे दिले असेल, नक्कल उतरण्याचा वेगही नाही आणि अर्धायुष्यही नाही, तर ‘जनुक बंद पडले’ असे उत्तर लिहू नका. कोणती दोन मोजमापे हवीत ते लिहा.